पाऊस तेवढाच, प्रदेश वेगळा

एक तांबडी रेषा, तिच्याखाली बारा निळे स्तंभ आणि झाकलेले गावाचे नाव. भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत असा आलेख देऊन विचारतात, ‘हे ठिकाण कोणत्या नैसर्गिक प्रदेशातले असेल? कारणासह लिहा.’ रेषा महिन्यांचे सरासरी तापमान दाखवते आणि स्तंभ महिन्यांचा पाऊस. आता असे दोन आलेख शेजारी शेजारी ठेवू. पहिल्या ठिकाणी वर्षाला सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, दुसऱ्या ठिकाणी सुमारे २,१००. दोन्हीकडे बारा महिने उकाडा आहे आणि कुठेच हिवाळा म्हणावा अशी थंडी नाही. बरीच मुले दोन्हींखाली ‘विषुववृत्तीय प्रदेश’ लिहून मोकळी होतात, कारण ‘भरपूर पाऊस आणि भरपूर उष्णता’ हे वर्णन त्यांना पाठ असते.

यातले दुसरे ठिकाण सिंगापूर आहे आणि तिथे ते उत्तर बरोबर आहे. पहिले ठिकाण म्हणजे आपली मुंबई, आणि मुंबई विषुववृत्तीय प्रदेशात येत नाही हे शीवच्या मुलाला आलेखाशिवायही ठाऊक असते. तरीही नाव झाकले की तोच मुलगा चुकतो. जे आपण वर्षभर अंगावर झेलतो, ते कागदावर ओळखता का येत नाही? माझ्या मते अडचण वाचण्याच्या क्रमात आहे. उंच स्तंभ आधी डोळ्यांत भरतात, म्हणून आपण पावसापासून सुरुवात करतो. सुरुवात तापमानाच्या रेषेपासून करायला हवी.

आधी रेषा वाचा

खालचे आकडे मुंबईचे आहेत. कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांची दीर्घकालीन सरासरी समोर ठेवून ते सोयीसाठी पूर्णांकात आणले आहेत, त्यामुळे त्यांत थोडे इकडे तिकडे धरावे.

| महिना | सरासरी तापमान (अंश सेल्सिअस) | पाऊस (मिमी) |
|---|---|---|
| जानेवारी | २४ | ० |
| फेब्रुवारी | २५ | ० |
| मार्च | २७ | ० |
| एप्रिल | २९ | ० |
| मे | ३० | १० |
| जून | २९ | ५३० |
| जुलै | २८ | ८०० |
| ऑगस्ट | २७ | ५२० |
| सप्टेंबर | २८ | ३४० |
| ऑक्टोबर | २९ | ८० |
| नोव्हेंबर | २८ | १० |
| डिसेंबर | २६ | ० |

पावसाचा रकाना क्षणभर हाताने झाकून फक्त तापमान पाहा. सर्वांत थंड महिना जानेवारी आहे, म्हणजे ठिकाण उत्तर गोलार्धातले. त्या सर्वांत थंड महिन्यातही पारा २४ अंशांवर आहे, म्हणजे ठिकाण उष्ण कटिबंधातले. सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड महिन्यांतला फरक, म्हणजे वार्षिक तापमान कक्षा, सहा अंशांची आहे. ती इतकी लहान असल्याने समुद्र जवळ असणार. नागपूरला हीच कक्षा पंधरा अंशांच्या आसपास जाते, कारण तिथे मे महिना भाजून काढतो आणि डिसेंबर-जानेवारी गारठवतो. सिंगापूरला ती दोन अंशांच्या आतच राहते. तिथे सूर्य वर्षभर जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे रेषा सपाट जाते.

आता रेषेचा आकार पाहा. ती जानेवारीपासून चढत मेमध्ये ३० अंशांना पोहोचते आणि तिथून उतरू लागते. ऑगस्टमध्ये २७ अंशांवर येते, पुन्हा चढून ऑक्टोबरमध्ये २९ होते आणि मग डिसेंबर-जानेवारीकडे घसरते. म्हणजे रेषेला दोन उंचवटे आहेत आणि मधे खळगा. आता पावसावरचा हात काढा. सगळे उंच स्तंभ नेमके त्या खळग्याखाली उभे आहेत. पाऊस आणि खळगा यांची ही जोडी मोसमी प्रदेशाची खरी ओळख आहे. पावसाचा एकूण आकडा दुय्यम आहे. तो ७०० असो वा ३,०००, सर्वांत उष्ण महिना पावसाच्या आधी येऊन गेलेला असला आणि पाऊस सुरू होताच तापमान उतरले असले, तर उत्तर ‘मोसमी’कडे झुकते.

जुलैत पारा का उतरतो?

केवळ सूर्यावर सोपवले तर मुंबईचा जुलै मेइतकाच तापायला हवा. शून्य सावली दिवस आता शाळांतून पाहतात. मुंबईत तो वर्षातून दोनदा येतो, एकदा मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटी. दोन्ही वेळा दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. मेमध्ये आपण उभ्या काठीची सावली नाहीशी झालेली पाहतो. जुलैत मात्र बहुधा सूर्यच दिसत नाही आणि कोडे तिथेच सुटते.

एप्रिल-मेमध्ये आकाश मोकळे असते. जमीन तापत जाते आणि उपखंडाच्या वायव्य भागावर हवेचा दाब कमी होतो. त्या कमी दाबाकडे दक्षिण हिंदी महासागरावरून वारे निघतात. विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या परिवलनामुळे ते वळतात आणि अरबी समुद्रावरून नैऋत्येकडून आपल्या किनाऱ्यावर येतात. वाटेत त्यांनी समुद्राची वाफ पोटात घेतलेली असते. पुढे सह्याद्री आडवा आल्याने हवा वर चढते, थंड होते आणि कोकणपट्टीत पाणी सोडते. भारतीय हवामान विभागाने २०२० साली ठरवलेल्या नव्या तारखांप्रमाणे मुंबईत मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनला पोहोचतो आणि ८ ऑक्टोबरला परततो.

पाऊस आला की तापमानावर दोन गोष्टी काम करतात. ढग सूर्याची बरीच उष्णता वरच्या वर परतवतात, हे एक. दुसरे, भिजलेल्या जमिनीवर जी उष्णता पोहोचते तिचा मोठा भाग पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो आणि हवा तापवायला थोडीच उरते. पाझरणारा माठ आतले पाणी गार ठेवतो तो याच कारणाने. रात्री मात्र तेच ढग जमिनीची उष्णता सहज निसटू देत नाहीत, म्हणून पावसाळ्यात किमान तापमान फार उतरत नाही. त्यामुळे मुंबईत मे आणि जुलै यांच्यात दिवसाच्या कमाल तापमानात तीनेक अंशांचा फरक पडला, तरी सरासरीच्या रेषेवर तो दोनेक अंशांचाच दिसतो. आलेखात खळगा उथळ दिसण्याचे हे कारण आहे.

ऑक्टोबरात वारे परततात, आकाश उघडते आणि ऊन थेट जमिनीवर येते. जमिनीत ओल असते, हवेतही दमटपणा रेंगाळतो आणि समुद्रावरून येणारा सततचा वारा मंदावलेला असतो. ऑक्टोबरचा उकाडा म्हणून आपण ज्याला वैतागतो, तोच आलेखावरचा दुसरा उंचवटा. विदर्भात हा दुसरा उंचवटा सरासरीच्या रेषेवर बहुधा दिसत नाही, कारण तिथे ऑक्टोबरपासून रात्री वेगाने थंड होऊ लागतात. पण मेमधला सुळका आणि जुलैपर्यंतची घसरण तिथे मुंबईपेक्षा ठळक असते. नागपूरचे सरासरी तापमान मेमध्ये ३५ अंशांच्या आसपास असते, ते जुलैत २८ च्या जवळ येते. म्हणून दोन उंचवट्यांचा हट्ट धरू नये. ‘उष्ण महिना आधी, पाऊस नंतर’ हा क्रम शोधावा.

सिंगापूरच्या आलेखात यातले काहीच सापडत नाही. डिसेंबरमध्ये सर्वांत जास्त, तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सर्वांत कोरड्या फेब्रुवारीतही तो शंभरच्या वर असतो. एकही स्तंभ नाहीसा होत नाही. मुंबईत ज्या महिन्यांत रस्ते धुळीने माखतात, त्या महिन्यांतही तिथे झाडांना पाणी मिळत राहते. म्हणून तिथे सदाहरित वर्षावने वाढतात, आणि आपल्याकडचा साग कोरड्या महिन्यांत पाने गाळतो.

केप टाउनचा सापळा

आणखी एक आलेख घेऊ. उंच स्तंभ जून, जुलै, ऑगस्टमध्ये आहेत. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत स्तंभ अगदी ठेंगणे. नुसत्या स्तंभांकडे पाहिले तर ही मुंबईच वाटेल, आणि घाईत तसेच लिहिले जाते.

पण रेषा पाहा. जानेवारी सर्वांत उष्ण आहे, सुमारे २१ अंश, आणि जुलै सर्वांत थंड, सुमारे १२ अंश. जानेवारीत उन्हाळा आहे, म्हणजे ठिकाण दक्षिण गोलार्धातले. तिथे जून ते ऑगस्ट हा हिवाळा, म्हणून हा पाऊस हिवाळ्यातला आहे. उन्हाळा कोरडा, हिवाळा सौम्य आणि पावसाचा, ही भूमध्य सागरी प्रदेशाची खूण आहे. ठिकाण दक्षिण आफ्रिकेतले केप टाउन. रोमचा आलेख याच प्रदेशातला आहे, पण तिथे गोलार्ध बदलल्याने जुलै-ऑगस्टमध्ये रेषा वर असते आणि स्तंभ खाली. स्तंभ कोणत्या महिन्यात आहेत यापेक्षा कोणत्या ऋतूत आहेत हे महत्त्वाचे, आणि ऋतू फक्त रेषा सांगते.

केप टाउनच्या आलेखात दुसराही धोका आहे, तो मोजपट्टीचा. तिथे वर्षभरात साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या एका जुलैपेक्षा कमी. त्या आलेखाची पावसाची पट्टी १०० वर संपते, मुंबईची ९०० पर्यंत जाते. कागदावर मात्र दोन्हींचे सर्वांत उंच स्तंभ सारख्याच उंचीचे दिसतात. तापमानाच्या पट्टीचेही तसेच. ती ० ते ५० अशी आखली तर मुंबईचा तीन अंशांचा खळगा जवळजवळ सपाट होतो, आणि २० ते ३२ अशी आखली तर दरीएवढा वाटतो. चित्राचा आकार पाहण्याआधी दोन्ही बाजूंचे आकडे वाचले की ही फसगत टळते. मी तर मुलांना सांगेन की वर्षाचा एकूण पाऊस पेन्सिलने कोपऱ्यात मांडल्याशिवाय उत्तराला हात घालू नका.

मोसमी प्रदेशातच राहून चकवणारे एक ठिकाण म्हणजे चेन्नई. तिथले सर्वांत उंच स्तंभ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात, कारण तिथला मुख्य पाऊस ईशान्येकडून येणारे वारे आणि बंगालच्या उपसागरातली वादळे देतात. ‘हिवाळ्यातला पाऊस म्हणजे भूमध्य सागरी’ असे इथे वाटू शकते. पण चेन्नईचा सर्वांत थंड महिनाही २५ अंशांच्या आसपास आहे, आणि भूमध्य सागरी हिवाळा इतका उष्ण नसतो. शिवाय ऑगस्टमध्येही तिथे बऱ्यापैकी पाऊस असतो, म्हणजे उन्हाळ्यानंतरचा काळ कोरडा जात नाही.

> चौकट : आलेख समोर आल्यावर
> प्रथम दोन्ही मोजपट्ट्या वाचा. मग रेषेवरून सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड महिना शोधा, त्यावरून गोलार्ध आणि तापमान कक्षा ठरवा. त्यानंतर पावसाची बेरीज करा आणि तो कोणत्या ऋतूत पडतो ते पाहा. शेवटी रेषा आणि स्तंभ एकत्र वाचा : पाऊस आल्यावर पारा उतरतो का?
>
> उत्तराचा नमुना : ‘सर्वांत थंड महिना जानेवारी (२४ अंश), म्हणून हे ठिकाण उत्तर गोलार्धात, उष्ण कटिबंधात आहे. वार्षिक तापमान कक्षा ६ अंश, म्हणून ते किनाऱ्याजवळ असावे. सुमारे २,३०० मिमी पावसापैकी जवळजवळ सर्व पाऊस जून ते ऑक्टोबर या काळात पडतो आणि उरलेले सात महिने कोरडे असतात. सर्वांत उष्ण महिना मे असून पावसाळ्यात तापमान उतरते. म्हणून हा मोसमी प्रदेश आहे.’

कोपेनच्या गणितात मुंबई

शालेय पुस्तकातले नैसर्गिक प्रदेश ज्या विचारातून आले, तो ऑक्सफर्डचे भूगोलतज्ज्ञ ए. जे. हर्बर्टसन यांनी १९०५ साली मांडला. हवामान, भूरचना आणि वनस्पती एकत्र पाहून जगाचे मोठे भाग पाडायचे, असा तो विचार. महाविद्यालयात गेल्यावर विद्यार्थ्याला दुसरी पद्धत भेटते, व्लादिमीर कोपेन यांची. ती फक्त तापमान आणि पावसाच्या आकड्यांवर चालते आणि तिथे मुंबईबाबत एक चमत्कारिक निकाल लागतो.

कोपेनचा नियम असा. सर्वांत थंड महिना १८ अंशांच्या वर असेल तर हवामान उष्ण कटिबंधीय. मग सर्वांत कोरड्या महिन्याकडे पाहायचे. त्यात ६० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस असेल तर ते वर्षावनाचे हवामान. सिंगापूर इथेच थांबते. ६० पेक्षा कमी असेल तर वर्षाच्या पावसाला २५ ने भागायचे आणि उत्तर १०० मधून वजा करायचे. कोरड्या महिन्याचा पाऊस त्या आकड्याइतका किंवा जास्त असेल तर हवामान मोसमी, कमी असेल तर सॅव्हाना.

मुंबईचे करून पाहू. २,३०० ला २५ ने भागले की ९२ येतात. १०० मधून ९२ गेले, उरले ८. मुंबईच्या कोरड्या महिन्यात पाऊस शून्य, आठपेक्षा कमी. म्हणून कोपेनच्या हिशेबात मुंबई सॅव्हाना ठरते! ज्या शहराचे सगळे वर्ष मोसमी पावसाभोवती फिरते, त्याला मोसमीचा शिक्का मिळत नाही.

यात गणित चुकलेले नाही. कोपेनला वारे मोजायचे नव्हते. त्याला विचारायचे होते की कोरड्या महिन्यांची भरपाई पावसाळा करतो का, म्हणजे जमिनीत इतके पाणी मुरते का की घनदाट जंगल कोरडे महिने काढू शकेल. सूत्रात पाऊस २,५०० मिलिमीटर झाला की वजाबाकी शून्यावर येते. मग कोरड्या महिन्यात एक थेंबही पडला नाही तरी ठिकाण मोसमी ठरते. रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पणजीलाही २,५०० च्या बराच वर, म्हणून ती दोन्ही कोपेनच्या मोसमी वर्गात बसतात. मुंबई त्या रेघेच्या थोडी अलीकडे राहते.

हा फरक मुंबईच्या आतही जाणवतो. कुलाब्याला वर्षाकाठी साधारण २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो, सांताक्रूझला त्याहून दोनेकशे जास्त. शीव या दोहोंच्या मधे आहे, सांताक्रूझला जवळ. जोरदार पावसाच्या वर्षी सांताक्रूझची बेरीज २,५०० च्या पलीकडे जाते. मग त्या एका वर्षाचा आलेख काढला तर शिक्का बदलतो आणि पुढच्या वर्षी परत येतो. म्हणूनच हवामानाचा प्रकार एका वर्षावरून ठरवत नाहीत, तीस वर्षांच्या सरासरीवरून ठरवतात. सध्या १९९१ ते २०२० ही तीस वर्षे धरली जातात. परीक्षेत ‘नैसर्गिक प्रदेश’ विचारला असेल तर मुंबईचे उत्तर ‘मोसमी’च. कोपेनप्रमाणे विचारले असेल तरच हे गणित करावे.

सरासरीत न दिसणारा दिवस

२६ जुलै २००५ शीवला विसरता येणार नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे ७४ मिलिमीटर पडला. दोन वेधशाळा एकाच शहरातल्या, सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेर. सांताक्रूझला एका दिवसात जुलै महिन्याच्या सरासरीहून जास्त पाणी पडले, आणि कुलाब्याला पावसाळ्यातला एक चांगला ओला दिवस गेला.

तीस वर्षांच्या आलेखात हा दिवस शोधला तर तो कुठे आहे? जुलैच्या स्तंभात मिसळून गेलेला. त्या दिवसाचे ९४४ मिलिमीटर तीस जुलैंमध्ये वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला ३१ येतात. म्हणजे एवढ्या प्रचंड पावसाने सांताक्रूझच्या जुलैचा स्तंभ तीन सेंटिमीटर पाण्याइतका उंचावला. प्रदेशाचा प्रकार त्याने बदलत नाही. खळगा तिथेच राहतो, कोरडे सात महिने कोरडेच राहतात.

यावरून आलेखाला कोणता प्रश्न विचारता येतो ते ठरते. शीवमध्ये कोणती झाडे तग धरतील, पाणी किती महिने साठवून ठेवावे लागेल, उकाडा कधी वाढेल, याचे उत्तर बारा स्तंभ आणि एक रेषा देतात. गांधी मार्केटपाशी पाणी कधी तुंबेल, याचे उत्तर त्यांच्यात नाही. त्यासाठी तासातासाचा पाऊस लागतो आणि त्याच वेळी समुद्राला भरती होती की ओहोटी, हे माहीत असावे लागते. शिवाय तो पाऊस शीवजवळच्या पर्जन्यमापकाचा हवा. २६ जुलैला कुलाब्याचा आकडा धरून कोणी शीवचा अंदाज केला असता, तर त्याच्या हिशेबात तो पावसाळ्यातला एक नेहमीचा ओला दिवस ठरला असता.